पगारातून गावाकडं नक्की किती पाठवता येतील? चाकणच्या एका पोराचा जून महिन्याचा हिशोब

मी चाकण एमआयडीसीत एका कंत्राटदाराकडं टाइम ऑफिसला आहे, म्हणजे हजेरी आणि पगाराचं बघतो. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला नवीन पोरं खिडकीशी येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, दादा पैसे एवढे कमी कसे आले. त्यात गावाकडं आधीच सांगून ठेवलेलं असतं की अमुक एवढे पाठवतो, आणि मग ते पाठवून झाल्यावर वीस तारखेला रूमपार्टनरकडं हात पसरायची वेळ येते. म्हणून एकाच पोराचा एकच महिना घेतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडून दाखवतो, तुमचे आकडे वेगळे असतील पण रीत हीच.

पोरगा जिंतूरकडचा, लाइनवर सगळे त्याला जिंतूरच म्हणतात. आयटीआय नाही, हेल्परचं काम. गावाकडं आई-वडील, धाकटी बहीण शाळेत, दोन एकर कोरडवाहू. महिना जूनचा, म्हणजे पेरणी आणि शाळा दोन्ही एकदम.

आधी "एकवीस हजार" विसरा

ज्याने कामाला लावलं त्याने सांगितलं होतं, एकवीस हजाराचं काम आहे. वडिलांनी पण तेच धरलं. पण त्या एकवीस हजारात कंपनीने तुमच्या नावाने भरायचा पीएफ, कंपनीचा ईएसआयचा, म्हणजे आजारपणाच्या सरकारी विम्याचा, वाटा आणि वर्षाचा बोनस महिन्याला वाटून, हे सगळं धरलेलं असतं, कंपनीला तुम्ही कितीला पडता तो आकडा आहे तो, तुमच्या पगाराचा नाही. नेमणुकीचा कागद बघितला तर खरा दर दिसतो. जिंतूरचा दर होता रोजचे ६८०, त्यात बेसिक आणि डीए मिळून ५२० आणि घरभाडे भत्ता १६०. गुणिले २६ दिवस केले की १७,६८०. हा खरा आकडा, आणि तो सुद्धा २६ च्या २६ दिवस भरले तर.

तेव्हा पहिलं काम हे की कागदावर रोज किती आणि त्यातला बेसिक-डीए किती हे दोन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. बेसिक वेगळा का, तर पीएफ त्यावर कापतात, भत्त्यावर नाही. कागदच दिला नसेल तर मागा, लाजू नका.

हजेरी स्वतः लिहा

जूनमध्ये रविवार सोडून २६ दिवस होते. जिंतूर पेरणीला गेला, दोन खाडे झाले, राहिले २४. शिवाय २० तास ओटी केला. हे त्याने रोजच्या रोज खिशातल्या छोट्या डायरीत लिहिलं होतं, आत कधी गेला, बाहेर कधी पडला, ओटी किती, आणि त्याचाच पुढे फायदा झाला. पंच मशीन असलं तरी डायरी ठेवा, कारण मशीनला बोट लागलं नाही तर तो दिवस गैरहजर पडतो आणि महिन्याच्या शेवटी तुमच्याकडं दाखवायला काही नसतं.

आणखी एक बघून घ्या, तुमच्याकडं महिना कुठून कुठं धरतात. काही ठिकाणी १ ते ३०, काही ठिकाणी २१ ते २०. दुसरी पद्धत असेल तर शेवटच्या दहा दिवसांचा ओटी पुढच्या पगारात येतो, पैसे खाल्ले म्हणून लगेच भांडायला जाऊ नका.

आता गुणाकार.

२४ दिवस × ६८० = १६,३२०
ओटीचा तासाचा दर: ६८० भागिले ८ = ८५, त्याच्या दुप्पट १७०
२० तास × १७० = ३,४००
एकूण = १९,७२०

कारखान्यात ओटी दुप्पट दराने द्यायचा असतो, हा कायदाच आहे. पण बरेच कंत्राटदार सिंगल दराने देतात आणि स्लिपवर न दाखवता वेगळे रोख देतात. ओळखायचं सोपं आहे, ओटीची रक्कम तासांनी भागा, ८५ आले तर सिंगल, १७० आले तर बरोबर. स्लिपवर ओटीचे तासच लिहिलेले नसतील, नुसतं "इतर" म्हणून आकडा असेल, तर तिथेच विचारा.

कटिंग: कोणती सरकारी, कोणती आपली

स्लिपच्या उजव्या बाजूला जे काही कापलेलं असतं ते दोन प्रकारचं. एक जे कायद्यानेच कापायचं असतं आणि दुसरं जे तुमच्या खाण्यापिण्याचं, उचलीचं. दोन्ही वेगळं तपासायचं, कारण गडबड बहुतेक दुसऱ्यात असते.

पीएफ: बेसिक-डीएच्या १२ टक्के. जिंतूरचा बेसिक २४ × ५२० = १२,४८०, त्याचे १२ टक्के म्हणजे १,४९८. ओटीवर पीएफ नाही.

इथे एक नीट समजून घ्या, कारण पोरं सगळ्यात जास्त यावरच चिडतात. कंपनी पण तेवढेच १,४९८ भरते, पण पासबुक उघडलं की कंपनीच्या रकान्यात दिसतात फक्त ४५८, आणि मग कंत्राटदाराने हजार रुपये खाल्ले अशी बोंब होते. तसं नसतं. कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, ते १,०४० शेजारच्या रकान्यात असतात. ४५८ आणि १,०४०, बेरीज करा, १,४९८ येते. खरी चोरी वेगळ्या ठिकाणी असते, स्लिपवर पीएफ म्हणून तीन हजाराच्या आसपास कापलेले दिसले तर समजा कंत्राटदार स्वतःचा वाटा पण तुमच्याच पगारातून काढतोय. ते बेकायदेशीर आहे. दुसरा प्रकार म्हणजे कापतात पण भरतच नाहीत. जूनचा पीएफ १५ जुलैपर्यंत भरायचा असतो, म्हणून वीस-पंचवीस तारखेला उमंग अॅपवर पासबुक बघा किंवा यूएएनला, म्हणजे तुमच्या पीएफच्या नंबरला, जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, मेसेज येतो. त्यासाठी यूएएन चालू करून आधार जोडलेलं पाहिजे, ते लागल्या लागल्याच करून घ्या.

ईएसआय: कामगाराचा वाटा पाऊण टक्का. आमच्या स्लिपवर तो ओटीसकट एकूण रकमेवर धरतात, १९,७२० चे १४८ रुपये. कुठे ओटी धरला नाही तर पंचवीस-सव्वीस रुपयांचा फरक पडतो, त्यात डोकं घालू नका. त्यापेक्षा ई-पहचान कार्ड काढा आणि त्यात आई-वडिलांचं नाव घाला, कारण तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांना पण उपचार मिळतात. इकडे तुम्ही आजारी पडलात तर चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं हॉस्पिटल आहे.

प्रोफेशनल टॅक्स: महिन्याला दहा हजाराच्या वर पगार असलेल्या पुरुषांना २००, फक्त फेब्रुवारीत ३००. बायकांना पंचवीस हजारापर्यंत काही नाही, त्यामुळे तुमच्या लाइनवरच्या ताईंचा कापला नाही आणि तुमचा कापला तर तो अन्याय नाही.

कामगार कल्याण निधी: २५ रुपये, वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबर. दर महिन्याला कापत असतील तर विचारा.

हे चार मिळून झाले १,४९८ + १४८ + २०० + २५ = १,८७१.

आता दुसरी बाजू. कॅन्टीनचं एक वेळचं जेवण २५ रुपये. स्लिपवर कापले होते ६५०. जिंतूरने डायरी काढली, म्हणाला, "दादा, मी चोवीसच दिवस आलो, मग सव्वीस दिवसांचं जेवण कुणी खाल्लं?" बरोबर होतं त्याचं, कॅन्टीनवाला सगळ्यांचे सरसकट २६ लावून पाठवतो. ६०० पाहिजे होते. पगार निघून गेला होता म्हणून ५० रुपये पुढच्या महिन्यात जमा दाखवायचं ठरलं. पन्नासच रुपये, पण सत्तर पोरांचे असेच जात असतील तर बघा.

मग उचल. मे अखेरीस बियाण्यासाठी ३,००० घेतले होते, दोन हप्त्यांत कापायचे, जूनमध्ये १,५००.

सेफ्टी शूज, हेल्मेट, हँडग्लोव्हज याचे पैसे पगारातून कापत असतील तर ते चूक आहे, सुरक्षेचं सामान कंपनीने फुकट द्यायचं असतं. जिंतूरच्या स्लिपवर ते नव्हतं.

आता वजाबाकी, १९,७२० मधून १,८७१, ६५० आणि १,५०० गेले. खात्यात आले १५,६९९. एकवीस हजार सांगितलेल्या माणसाच्या हातात पंधरा हजार सातशे, आणि त्यात चोरी फक्त पन्नास रुपयांची.

इथे जगायला किती लागतात

हा भाग पोरं अंदाजाने करतात आणि इथेच फसतात. जिंतूर नाणेकरवाडीत तिघांत एक रूम घेऊन राहतो. त्याचा महिना असा:

रूमचं भाडं ४,५०० चा तिसरा हिस्सा, १,५००. लाइट-पाणी २५०. मेस फक्त रात्रीची, १,७००, कारण दुपारचं कॅन्टीनला होतं. चार रविवार दुपारी बाहेर जेवण, ३२०. चहा-नाश्ता, साबण, तेल, कटिंग-दाढी मिळून १,१००. कंपनीची बस फुकट आहे म्हणून प्रवासाचं काही नाही, ज्यांना पीएमपीने यावं लागतं त्यांनी पासचे पैसे इथे धरा.

मोबाइल, याला थोडं थांबू. रिचार्ज ३४९ चा, पण तो २८ दिवसांचा असतो, महिन्याचा नाही. वर्षाला १२ नाही तर १३ वेळा मारावा लागतो, म्हणून महिन्याला ३८० बाजूला ठेवायचे, नाहीतर एका महिन्यात दोन रिचार्ज येतात आणि हिशोब बिघडतो. गावाला जायच्या तिकिटाचं पण तसंच, दर महिन्याला जात नाही पण महिन्याला ५०० बाजूला काढले की जायच्या वेळी उचल घ्यावी लागत नाही.

एकूण ५,७५०. पगार झाल्या दिवशी भाडं, लाइट आणि मेस लगेच देऊन टाकायचं, ३,४५० गेले, मग राहिलेल्यात ७ तारखेपासून पुढच्या ७ तारखेपर्यंत चालवायचं. मालक किंवा मेसवाला थांबतो म्हणून उधारी ठेवली की खात्यात पैसे दिसतात आणि ते आपले वाटायला लागतात.

१५,६९९ वजा ५,७५० = ९,९४९. मग पाठवायचे का दहा हजार? नाही.

घरी सांगायचा आकडा वेगळा, पाठवायचा वेगळा

मला विचाराल तर सगळ्या लेखात कामाचं हेच आहे. जूनमधल्या ९,९४९ मध्ये ओटीचे ३,४०० आहेत, आणि ओटी आपल्या हातात नसतो, ऑर्डर कमी झाली की पहिला तोच बंद. घरी दहा हजार सांगितले की घरचे त्यावर किराणा, फी, भिशी सगळं बसवतात, मग ओटी नसलेल्या महिन्यात तुम्ही कर्ज काढून दहा हजार पाठवता. असे लोक माझ्या रजिस्टरमध्ये ढिगाने आहेत, उचलीचा रकाना कधी रिकामाच नाही.

म्हणून पक्का आकडा काढताना वाईट महिना धरायचा. ओटी शून्य आणि दिवस २४. चोवीसच का, तर फेब्रुवारीत २८ दिवसांतून चार रविवार गेले की एकही खाडा न करता २४ च भरतात. रोजंदारीचा दर असला की तो महिना कमीच येतो.

२४ दिवसांचे १६,३२०. पीएफ १,४९८, ईएसआय १२३, टॅक्स २००, कॅन्टीन ६००, मिळून २,४२१ गेले. हातात १३,८९९. इथला खर्च ५,७५० गेला, उरले ८,१४९. फेब्रुवारी असेल तर टॅक्सचे आणखी १०० कमी. यातले हजारभर आजारपणाला, अडीअडचणीला खात्यातच ठेवायचे. म्हणून जिंतूरने घरी सांगितलं, पक्के सात हजार.

वडील म्हणाले, "अरे एकवीस म्हणाला होतास ना?" त्याने स्लिपचा फोटो पाठवला आणि एकेक रकाना फोनवर वाचून दाखवला, अर्धा तास लागला पण परत कधी तो विषय निघाला नाही. तुम्ही पण हे करा, घरच्यांना कटिंग दिसली पाहिजे, नुसतं "कापून आले" म्हटलं की त्यांना वाटतं पोरगा इकडे उडवतोय.

आणि आता उचल या हिशोबात घालून बघा. वाईट महिना असताना १,५०० चा हप्ता पण कापला असता तर उरले असते ६,६४९, म्हणजे सात हजार सुद्धा निघत नाहीत. जूनमध्ये ओटी होता म्हणून ते दिसलं नाही एवढंच. उचल घेताना हप्ता किती ठेवायचा हे बोलून ठरवता येतं, ३,००० दोनात फेडायच्या ऐवजी चारात घ्या, ७५० चा हप्ता वाईट महिन्यातही बसतो.

पाठवायचं कसं

जिंतूर दोनदा पाठवतो. पगार ७ ला झाला, ८ तारखेला सात हजार. उरलेल्या २,९४९ मधले हजार राखीव, बाकीचे २५ तारखेपर्यंत तसेच ठेवले, आणि काही निघालं नाही तेव्हा आणखी १,५०० पाठवले, बहिणीच्या वह्या-पुस्तकांसाठी असं सांगून. दुसरा हप्ता कशासाठी ते नाव घेऊन पाठवा, म्हणजे तो दर महिन्याचा धरला जात नाही.

स्वतःच्या खात्यातून यूपीआयने पाठवलं तर एक रुपया लागत नाही. पहिल्यांदा पाठवताना आईच्या खात्यावर दहा रुपये टाका, आले का विचारा, नाव बरोबर दिसतंय का बघा, मग बाकीचे. नवीन फोनवर यूपीआय चालू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत सहसा पाच हजाराच्या वर जात नाही, त्यामुळे पगाराच्या दिवशीच नवीन फोन घेऊन बसू नका.

ज्यांचा पगार अजून रोख होतो ते नाक्यावरच्या मनी ट्रान्सफरच्या दुकानात जातात. तिथे साधारण शेकडा एक रुपया घेतात, सात हजाराला सत्तर. रोखीने एका वेळी पाच हजाराचीच मर्यादा असल्यामुळे सात हजाराचे दोन व्यवहार होतात, ओळखपत्र आणि मोबाइल दोन्ही लागतं, आणि दोन्ही व्यवहारांचे मेसेज आल्याशिवाय दुकान सोडायचं नाही. वर्षाचे आठशे-साडेआठशे रुपये यातच जातात, त्यापेक्षा कंत्राटदाराला खात्यात पगार करायला सांगा, पगाराचा पुरावा पण राहतो.

तिकडे पैसे काढताना काय लागतं ते पण विचारून घ्या. गावातला अंगठ्यावर पैसे देणारा हजारामागे दहा-वीस मागत असेल आणि आई दर आठवड्याला हजार हजार काढत असेल तर बाजारच्या दिवशी एटीएम असलेल्या गावी जाऊन एकदम काढणं परवडतं. खातं जनधनचं असेल तर किमान शिल्लक ठेवायची भानगड नाही, साध्या खात्यात शिल्लक कमी झाली की काही बँका दंड कापतात आणि तुमच्या सात हजारातले कमी होतात.

पहिला पगार

नवीन लागणाऱ्यांनी पहिल्या महिन्याला घरी काही सांगूच नका. १२ तारखेला लागलात तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या ७ ला, तो पण सोळा-सतरा दिवसांचा, आणि तोपर्यंत रूमचं डिपॉझिट, गादी, बादली, मेसचा अॅडव्हान्स हे सगळं खिशातून. येताना गावाहून तेवढे घेऊन या, नाहीतर पहिल्या आठवड्यातच उचल लागते आणि ती पुढचे तीन महिने पाठ सोडत नाही.

चूक दिसली तर

आधी टाइम ऑफिसला डायरी घेऊन जा, निम्म्या गोष्टी तिथेच मिटतात. नाही मिटल्या तर कंपनीच्या एचआरला लेखी द्या, कारण कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते आणि हे एचआरला चांगलं माहीत असतं. पीएफ भरला जात नसेल तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार करता येते, पगार आणि ओटीसाठी पुण्यातलं कामगार आयुक्तांचं ऑफिस. स्लिप, डायरीचे फोटो आणि बँकेचं स्टेटमेंट, तीन गोष्टी लागतात.

जिंतूरचा जुलै पण मांडून झालाय. सुपरवायझर म्हणतो ओटी नाही. दिवस २७, पूर्ण भरले तर १८,३६०, त्यातून पीएफ १,६८५, ईएसआय १३८, टॅक्स २००, कॅन्टीन ६७५, उचलीचा शेवटचा हप्ता १,५०० आणि ते परत येणारे ५० मिळवून हातात १४,२१२. खर्च जाऊन ८,४६२. सात हजार पाठवून राखीव हजार ठेवले की ४६२ शिल्लक राहतात, आणि एक खाडा पडला की कटिंग जाऊन साधारण ५८८ कमी येतात. बहिणीला वसतिगृहात सोडायला जायचं म्हणतोय, तर शनिवारी शिफ्ट सुटल्यावर निघून सोमवारी सकाळी बसला हजर राहायचं ठरलंय, तिकिटाचे पैसे बाजूला काढलेले आहेतच.